शाळेत थांबतं, मग घरी का नाही?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. सहाव्या वर्षी तो सारखे डोळे मिचकावू लागला. नेत्रतज्ज्ञांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. पुढे ते आपोआप थांबलं आणि नाक ओढणं आलं. ते गेलं तर मान उजवीकडे झटकणं आलं. गेलं वर्षभर त्याच्या जोडीला घशातून ‘हुं’ असा आवाजही आहे. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून टुरेट सिंड्रोम असल्याचं सांगितलं. आम्हाला पडलेलं कोडं वेगळंच आहे. शाळेत तो जवळजवळ काहीच करत नाही. घरी येऊन दप्तर टाकलं की अर्धा तास मान आणि ‘हुं’ यांचा नुसता भडिमार. वर्गशिक्षिका म्हणतात, “वर्गात जमतं म्हणजे ताबा आहे.” सासूबाई म्हणतात, “लाडानं चाललंय.” त्याला विचारलं तर म्हणतो, “मानेत काहीतरी भरून येतं, झटकली की जातं.” तो हे मुद्दाम करतो का? थांबवता येतं तर कायमचं का थांबवता येत नाही? दिवसभर दाबून ठेवल्यामुळेच संध्याकाळी वाढतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मुलाचं आहे. शिक्षिका आणि सासूबाई बाहेरून दिसतं त्यावर बोलताहेत. तो आतून काय होतं ते सांगतोय. ते अगदी नेमकं सांगितलंय त्यानं.

निदानाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते झालेलं आहे आणि तुमच्या वर्णनाशी जुळतंही. हालचालींच्या एकाहून अधिक टिक्स, आवाजाची निदान एक, अठराव्या वर्षाच्या आत सुरुवात आणि वर्षाहून जास्त काळ, असं असेल तर टुरेट म्हणतात. त्यात एक टिक जाऊन दुसरी येणं, काही आठवडे कमी तर काही आठवडे जास्त होणं, हे नेहमीचंच. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातले डॉक्टर जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव.

आता तुमचा पहिला प्रश्न : मुद्दाम करतो का? इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ यातलं एकही उत्तर पुरत नाही. आपण ज्या अर्थानं हात लांबवून पेला उचलतो, त्या अर्थानं तो मान झटकत नाही. पण गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तशी ती त्याला न विचारताही उडत नाही. ती या दोहोंच्या मधली गोष्ट आहे, आणि आपल्यापैकी कुणालाही ती दोन मिनिटांत अनुभवता येते. घड्याळ समोर ठेवा आणि एक मिनिट पापणी लवू देऊ नका. पहिली काही सेकंदं काहीच वाटणार नाही. मग डोळ्यात काहीतरी जाणवू लागेल. ते वाढत जाईल, आणि वाचत असाल तर वाचलेलं डोक्यात शिरेनासं होईल, कारण सगळं लक्ष पापणीकडे गेलेलं असेल. शेवटी पापणी मिटेल. ती तुम्हीच मिटलेली असेल आणि तरी ती तुमच्या मर्जीची नसेल. मिटताक्षणी हायसं वाटेल. सासूबाईंना हा प्रयोग अवश्य करायला सांगा; माझ्या पानभर उत्तरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. एक फरक मात्र त्यांना सांगायला हवा. आपली पापणी मिटण्यामागे डोळा कोरडा पडणं हे खरं कारण असतं. तुमच्या मुलाच्या मानेत खरोखर काहीही भरलेलं नसतं. तिथली कळ मेंदूत तयार होते.

या आधी येणाऱ्या जाणिवेला मी इथे उबळ म्हणतो. बरीच वर्षं वैद्यकानं तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. डॉक्टरांना झटका दिसत होता, त्याच्या आधीचा क्षण दिसत नव्हता. १९८० मध्ये जोसेफ ब्लिस या, स्वतःला टुरेट असलेल्या गृहस्थांनी आपल्या अनुभवांचं बारीक टिपण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. हालचालीच्या आधी शरीराच्या त्या भागात एक संवेदना उठते आणि हालचाल ही तिला दिलेलं उत्तर असते, असं त्यांचं सांगणं होतं. पुढे १९९३ मध्ये येल विद्यापीठातल्या जेम्स लेकमन आणि सहकाऱ्यांनी सव्वाशेहून अधिक रुग्णांना याबद्दल पद्धतशीर विचारलं. त्यांतल्या ९३ टक्के लोकांनी उबळ येते असं सांगितलं. तळहात, खांदे, पोटाची मधली रेषा आणि घसा ही तिची मुख्य ठिकाणं निघाली. टिकनंतर सुटल्यासारखं वाटतं असं ८४ टक्के म्हणाले. तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी की आपल्या टिक्स या उबळीला पूर्णतः किंवा अंशतः आपण होऊन दिलेला प्रतिसाद आहेत, असं ९२ टक्के लोकांचं म्हणणं पडलं.

म्हणजे मान झटकणं हे अंशतः त्याचंच कृत्य आहे, उबळ मात्र त्याची नाही. शिक्षिकांना कृत्य दिसतं, उबळ दिसत नाही. सगळा गैरसमज एवढ्यापुरताच आहे.

त्याच पाहणीत आणखी एक आढळलं. टिक्स सुरू झाल्यावर सरासरी तीन वर्षांनी, म्हणजे साधारण दहाव्या वर्षी, मुलांना उबळीची जाण येते. तुमचा मुलगा सहाव्या वर्षी डोळे मिचकावत होता तेव्हा ‘काय होतं रे?’ या प्रश्नाला त्यानं खांदे उडवले असतील. आज तो ‘भरून येतं’ म्हणतोय. आजार वाढला असा याचा अर्थ नाही. त्याला आता स्वतःच्या आत पाहता येऊ लागलंय, आणि उपचाराच्या दृष्टीनं हे फार कामाचं आहे. ते पुढे येईलच.

आता मेंदूत काय होतं ते पाहू. मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. खाली खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. कॉडेट आणि प्युटॅमेन हे त्याचे दोन मोठे हिस्से. कॉर्टेक्सकडून स्ट्रायटमकडे संदेश जातात, तिथून ग्लोबस पॅलिडसकडे, तिथून थॅलॅमसकडे आणि थॅलॅमसकडून परत कॉर्टेक्सकडे. संदेशांचं हे वर्तुळ सतत चालू असतं आणि कोणती हालचाल होऊ द्यायची, कोणती नाही, हे बऱ्याच अंशी त्यात ठरतं.

यातली गंमत अशी की वर्तुळाची स्वाभाविक अवस्था ‘नको’ अशी आहे. ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागातल्या पेशी अखंड संदेश सोडत राहतात आणि थॅलॅमसला गप्प ठेवतात. स्ट्रायटममधल्या पेशी उलट बहुतेक वेळ शांत असतात. एखादी हालचाल हवी असली की स्ट्रायटममधला तेवढाच पुंजका जागा होतो, पॅलिडसमधल्या नेमक्या त्या पेशींना थोडा वेळ थांबवतो आणि तेवढ्यापुरतं थॅलॅमस मोकळं होतं. बाकीच्या सगळ्या हालचाली दबलेल्याच राहतात. प्युटॅमेनमध्ये शरीराचा एक नकाशाच असतो : चेहऱ्याची जागा वेगळी, हाताची वेगळी, पायाची वेगळी.

अमेरिकन मेंदूतज्ज्ञ जोनाथन मिंक यांनी मांडलेली आणि आज बऱ्यापैकी मान्य असलेली कल्पना अशी की टुरेटमध्ये स्ट्रायटममधला असा एखादा पुंजका कुणी न बोलावता जागा होतो. मग ज्या स्नायूंची ती जागा, ते स्नायू उडतात. पुंजका तोच, म्हणून टिकही दर वेळी तशीच; तुमचा मुलगा मान नेहमी उजवीकडेच झटकतो ते यामुळे. दुसरा पुंजका जागा होऊ लागला की दुसरी टिक येते.

ही नुसती कल्पना नाही, तिला प्रयोगाचा आधार आहे. मेंदूत पेशींना शांत ठेवणारं गाबा नावाचं रसायन असतं. त्याचं काम अडवणारं बायक्युक्युलीन हे औषध अगदी सूक्ष्म प्रमाणात माकडाच्या प्युटॅमेनमध्ये टोचलं, तर काही मिनिटांत विरुद्ध बाजूचा हात किंवा चेहरा पुन्हा पुन्हा उडू लागतो. सुई थोडी सरकवली की उडणारा अवयव बदलतो. औषध ओसरलं की सगळं थांबतं. स्ट्रायटमच्या तळाशी, भावनांशी जोडलेल्या भागात टोचलं तर माकड पुन्हा पुन्हा आवाज काढू लागतं. मान आणि ‘हुं’ एकाच मुलात कसे, याचा थोडा अंदाज यावरून येतो. अर्थात माकडाला आधी मानेत काही भरून आलं होतं का, हे विचारायची सोय नाही.

माणसाच्या बाजूनं पुरावा तुटपुंजा आहे. येलमध्येच फ्लोरा वॅकारिनो यांच्या गटानं टुरेट असलेल्या मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. स्ट्रायटममध्ये शेजारच्या पेशींना आवर घालणाऱ्या काही विशिष्ट पेशी त्यांना बऱ्याच कमी आढळल्या. आवर घालणारेच कमी, म्हणून पुंजके आपसूक जागे होत असावेत, हे पटण्यासारखं आहे. पण मेंदू मोजकेच होते आणि तेही आयुष्यभर तीव्र टिक्स असलेल्या प्रौढांचे. विशीत बऱ्या होणाऱ्या मुलांनाही तेच लागू पडतं असं मी म्हणणार नाही. डोपामीन या रसायनाचाही यात हात आहे. त्याचा परिणाम अडवणाऱ्या औषधांनी टिक्स कमी होतात, हे हॅलोपेरिडॉलच्या वापरातून १९६० च्या दशकापासून माहीत आहे.

मग उबळ कुठे तयार होते? २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत दहा रुग्णांच्या मेंदूचं चित्रण करताना त्यांच्या टिक्सचं चित्रीकरणही केलं आणि दोन्हींची वेळ जुळवून पाहिली. टिकच्या सुमारे दोन सेकंद आधी इन्सुला, सिंग्युलेट आणि हालचालीची पूर्वतयारी करणारा कॉर्टेक्सचा मधला भाग जागे झालेले दिसले. इन्सुला म्हणजे तहान, धाप, पोटातली कळ अशा शरीराच्या आतल्या जाणिवा जिथे पोचतात ती जागा. पापणी रोखून धरायला सांगितलेल्या निरोगी माणसांतही तिथेच हालचाल दिसते. प्रत्यक्ष टिकच्या क्षणी मात्र स्नायूंवर हुकूम चालवणारे भाग पुढे येतात.

म्हणजे उबळीचं ठिकाण आणि झटक्याचं ठिकाण वेगळं आहे. ती एकमेकांशी बोलतात, पण एक नाहीत. उबळ हीच टिकचं कारण, की दोन्ही एकाच गडबडीची दोन फळं, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. लहान मुलांना उबळ न कळताही टिक्स येतात, यावरून मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. सुरुवात बहुधा स्ट्रायटममध्ये होते. उबळ जाणवू लागल्यावर मात्र दर झटक्यानंतर मिळणारा सुटकेचा क्षण ती टिक घट्ट करत नेतो.

आता थांबवण्याकडे येऊ. १९९८ मध्ये ब्रॅडली पीटरसन यांनी २२ प्रौढ रुग्णांना मेंदूचित्रण यंत्रात झोपवून चाळीस सेकंद टिक्स दाबायला आणि चाळीस सेकंद मोकळं सोडायला, असं आळीपाळीनं सांगितलं. दाबताना कपाळामागचा कॉर्टेक्स आणि कॉडेट जास्त कामाला लागले, तर प्युटॅमेन, पॅलिडस आणि थॅलॅमस यांचं काम मंदावलं. रोखणारी शक्ती वरून येते आणि वर्तुळाच्या पुढच्या टप्प्यांवर दाब टाकते. तिच्यामुळे पुंजका झोपत नाही की उबळही विरत नाही. म्हणून ‘थांबवता येतं तर कायमचं का नाही’ याचं उत्तर असं : तो टिक थांबवत नसतो, ती बाहेर पडण्याची वाट अडवून धरत असतो. जोवर अडवून धरतोय तोवरच ती अडते.

नुसतं सांगून हे अडवणं किती होतं, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. २००४ मध्ये डग्लस वुड्स आणि मायकेल हिमले यांनी चार मुलांना आधी फक्त ‘टिक करू नकोस’ असं सांगितलं. टिक्स जेमतेम दहा टक्के कमी झाल्या. मग टिकविना गेलेल्या दर दहा सेकंदांना एक टोकन आणि टोकनांचे पैसे, असं ठरवलं. टिक्स तीन चतुर्थांशांनी घटल्या. मुलं चारच होती हे लक्षात ठेवूनही यातून दोन गोष्टी दिसतात. मुलांत रोखण्याची ताकद असते. आणि ‘थांबव रे आता’ हे घरोघरी सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे. शाळेत तुमच्या मुलाला टोकन मिळत नाही, पण पन्नास मुलांसमोर चिडवलं न जाणं हे काही लहान बक्षीस नाही.

या रोखण्याची किंमत कुठे मोजली जाते, तेही पाहिलं गेलंय. मुलांना टिक्स रोखतानाच लक्ष लागणारं दुसरं काम दिलं, तर टिक्स रोखल्या जातात पण कामात चुका वाढतात. तुमच्या शिक्षिकांना हे जरूर कळायला हवं. त्यांना मुलगा शांत बसलेला दिसतो. त्या तासाचं गणित त्याच्या डोक्यात कितपत उतरलं, ते शांततेवरून कळत नाही.

रोखून धरणं आणि रमून जाणं यांत मात्र गल्लत करू नका. ऑलिव्हर सॅक्स यांनी एका कॅनडियन शल्यविशारदाबद्दल लिहिलंय. त्यांना तीव्र टुरेट होतं, पण शस्त्रक्रिया करताना टिक्स नाहीशा व्हायच्या. ते तेव्हा काहीही दाबत नसत. त्या कामात शिरल्यावर उबळच उठत नसे. तुमचा मुलगा क्रिकेट किंवा तबल्यात गुंगला की असंच होत असेल तर पाहा. तिथून तो थकून येणार नाही. वर्गातून येतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला अनपेक्षित वाटेल. दाबलेल्या टिक्स साचतात आणि मग दुपटीनं उसळतात, ही समजूत पालकांत आणि बऱ्याच डॉक्टरांतही पक्की आहे. प्रयोगांत ती टिकलेली नाही. मुलांना काही मिनिटांपासून चाळीस मिनिटांपर्यंत टिक्स रोखायला लावून मग मोकळं सोडलं, तेव्हा टिक्स आधीच्या नेहमीच्या पातळीवर आल्या, तिच्या वर गेल्या नाहीत. शाळा चाळीस मिनिटांची नसते, सहा तासांची असते; त्यामुळे प्रयोगशाळेचं उत्तर जसंच्या तसं तुमच्या दिवाणखान्यात आणता येत नाही. तरी ‘साचतं’ यापेक्षा साधं स्पष्टीकरण आहे. घरी दिसतं ते त्याचं नेहमीचं प्रमाण. शाळेच्या शांततेशेजारी ठेवल्यामुळे ते पुरासारखं वाटतं. त्यात दिवसभराचा थकवा मिसळतो, आणि थकव्यानं टिक्स वाढतात.

आणखी एक घटक घरातच असतो. टिक्सविषयी बोलणं निघालं की टिक्स वाढतात, हे अभ्यासांतही दिसलंय. दारातच ‘आज मान कशी होती?’ असं विचारलं जात असेल, आजी बघून उसासा टाकत असतील, किंवा टिक्स जोरात आहेत म्हणून गृहपाठाला सुटी मिळत असेल, तर त्या अर्ध्या तासाला खतपाणी मिळतं. यात मुलाचा कावा नाही. मेंदू असाच शिकतो.

उपचारात याच ज्ञानाचा वापर होतो. टिक्ससाठीच्या वर्तणूक उपचारपद्धतीचा गाभा १९७३ मध्ये अझ्रिन आणि नन यांनी मांडला. तुमच्या मुलाच्या मानेसाठी त्याचं रूप साधारण असं असेल. पहिल्या एक-दोन बैठकांत उपचारक त्याला मान झटकण्याचं वर्णन करायला लावेल, अगदी बारीक : आधी कुठे भरून येतं, मग कोणता स्नायू ताठतो, मग काय. पुढे तो बोलत असताना दर टिकला, आणि नंतर दर उबळीला, त्यानं बोट वर करायचं. उबळ ओळखता आली की तिच्या जागी दुसरी हालचाल शिकवतात, जी चालू असताना टिक करताच येणार नाही आणि शेजाऱ्याला दिसणारही नाही. मानेसाठी : हनुवटी किंचित खाली, खांदे सैल खाली, नजर समोर, मानेचे स्नायू हलकेच ताठ. हे एक मिनिट किंवा उबळ ओसरेपर्यंत धरायचं, यांतलं जे जास्त असेल ते. ‘हुं’साठी : ओठ मिटून नाकानं संथ, पोटातून श्वास. एका वेळी एकच टिक घ्यायची, आणि त्याला सगळ्यात जास्त जाचणारी आधी. सोबत घरातली ती संध्याकाळही बदलायची : आल्यावर चौकशी नाही, खाणं, अंगणात खेळ, मग ठरलेल्या वेळी गृहपाठ, टिक्स असोत वा नसोत.

हे आणि ‘दाबून ठेवणं’ वरवर सारखंच वाटेल, पण दाबताना मूल उबळीशी झगडतं आणि शेवटी हरून सुटका मिळवतं, म्हणजे टिकला बक्षीस मिळतंच. इथे उबळ येऊ द्यायची, तिला ठरलेलं उत्तर द्यायचं नाही आणि ती आपली आपण उतरते हे अनुभवायचं. सरावानं उबळच बोथट होते की फक्त तिच्या आणि टिकच्या मधला दुवा सुटतो, यावर अजून वाद आहे.

परिणामही प्रामाणिकपणे सांगायला हवा. २०१० मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवर याची चाचणी झाली : दहा आठवडे, आठ बैठका. उपचार घेतलेल्यांत ५२.५ टक्के मुलांत ठळक सुधारणा झाली. नुसती माहिती आणि धीर मिळालेल्यांत १८.५ टक्के. उपचारगटाच्या टिक्सचा सरासरी गुणांक २४.७ वरून १७.१ वर आला. म्हणजे उतार बरा, पण टिक्स गेल्या नाहीत. ‘पूर्ण बरा करतो’ म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करा.

औषधं सगळ्यांनाच लागत नाहीत. झटक्यांनी मान दुखत असेल, इजा होत असेल, झोप किंवा शाळा बिघडत असेल तर डॉक्टर ती देतात : क्लोनिडीनसारखी सौम्य आधी, मग ॲरिपिप्राझोल किंवा रिस्पेरिडोनसारखी डोपामीनवर काम करणारी. दुसऱ्या प्रकारात वजन वाढणं आणि सुस्ती यांवर लक्ष ठेवावं लागतं. मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया अत्यंत तीव्र आणि इतर कशालाच न जुमानणाऱ्या, बहुतेक प्रौढ रुग्णांपुरतीच आहे. तुमच्या मुलाशी तिचा संबंध नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल ते. अनावर शिव्या देणं हे टुरेटचं गाजलेलं लक्षण साधारण दहा-पंधरा टक्क्यांतच असतं. २०१८ च्या ‘हिचकी’ चित्रपटात राणी मुखर्जीच्या शिक्षिकेला जशा टिक्स दाखवल्या आहेत, ते चित्र जास्त जवळचं आहे. टिक्स बहुधा दहा ते बारा या वयात सगळ्यात जोरात असतात आणि किशोरवय सरताना बहुतेकांत बऱ्याच उतरतात, काहींत नाहीशा होतात. म्हणजे तुम्ही सध्या चढाच्या माथ्यावर आहात. टुरेटसोबत चंचलता, लक्ष न लागणं किंवा मंत्रचळेपण बऱ्याच मुलांत असतं आणि अभ्यासाचं नुकसान पुष्कळदा टिक्सपेक्षा त्यानंच होतं. ते तपासलं नसेल तर तपासून घ्या.

डॉक्टरांकडे पुन्हा केव्हा जायचं? हालचाल क्षणभरही रोखता येत नसेल, त्या वेळी मुलगा हाकेला ओ देत नसेल किंवा नंतर त्याला काही आठवत नसेल, तर ती टिक नसून फिट असू शकते. इतकी वर्षं अशा ओळखीच्या टिक्स असताना एका रात्रीत अगदी वेगळ्या, मोठ्या, संपूर्ण अंगाच्या हालचाली सुरू झाल्या तरीही दाखवा. त्यांचं कारण आणि उपचार दोन्ही वेगळे असू शकतात.

शेवटी शिक्षिकांबद्दल. त्यांना भेटा, पण ‘त्याला समजून घ्या’ एवढंच सांगून परत येऊ नका. नेमक्या गोष्टी मागा. टिक्सवर वर्गात काही बोलू नये. त्याला मागच्या किंवा कडेच्या बाकावर बसू द्यावं. न विचारता दोन मिनिटं बाहेर जाऊन येण्याची मुभा असावी. परीक्षेत थोडा जादा वेळ मिळावा. आणि तो अगदी निश्चल बसला होता अशा एखाद्या तासानंतर, त्या तासाला काय शिकवलं, ते त्याला एकट्याला बोलावून एकदा विचारून पाहावं.